ड्रंक अँड ड्राइव्हची केस: मशीनमधल्या फुंकरीपासून कोर्टाच्या निकालापर्यंत, आणि लायसन्सचं काय होतं

सोलापुरात रात्रीच्या नाकाबंदीत दारू पिऊन सापडलेला माणूस बहुतेक वेळा आधी एकच विचारतो, "साहेब, पावती कितीची?" या गुन्ह्याला पावतीच नाही. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, ट्रिपल सीट बसले, अशा चुका मोटार वाहन कायद्यात जागेवर दंड भरून मिटवता येतात. दारू पिऊन गाडी चालवणं, म्हणजे कलम १८५, त्या यादीत नाही. ई-चलानच्या अ‍ॅपवर पैसे भरून ते संपत नाही आणि लोकअदालतीत निम्म्यावर तडजोडही होत नाही. ही फौजदारी केस असते आणि तिचा निकाल न्यायाधीशच देतात.

दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो. कोर्टात दहा हजार भरले की विषय संपला, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात त्या रात्रीपासून दोन वेगळी प्रकरणं सुरू होतात, एक कोर्टात आणि एक आरटीओत. लायसन्सवर दोन्हीकडून गदा येते, आणि एकीकडचा निकाल लागला म्हणून दुसरीकडचं प्रकरण बंद होत नाही.

या लेखात मी सगळ्यात नेहमीचा प्रकार घेतो: अपघात नाही, कुणाला इजा नाही, पहिलीच वेळ. उदाहरणासाठी एक काल्पनिक माणूस धरू. नाव महेश, वय पस्तीस, वजन सत्तर किलो, राहणार जुळे सोलापूर. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी पुणे रोडच्या ढाब्यावर मटण, कडक भाकरी आणि रात्री नऊ ते साडेदहा या वेळात व्हिस्कीचे तीन लार्ज. अकरा चाळीसला बाइकवर घरी निघालेला असताना पोलिसांनी हात केला.

मशीन नक्की काय मोजतं

कायद्याची मर्यादा अशी आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. मशीन रक्त काढत नाही. ते फुप्फुसातून येणाऱ्या खोल श्वासातलं अल्कोहोल मोजतं आणि त्यावरून रक्तातलं प्रमाण काढतं. त्यासाठी साधारण २१०० ला १ असं गुणोत्तर धरलेलं असतं. म्हणून मशीनवर आकडा दिसला की त्याचं एककही बघायचं. काही मशीन १०० मिलिलिटर रक्तामागे मिलिग्रॅम दाखवतात, तिथे मर्यादा ३०. काही टक्क्यांत दाखवतात, तिथे तीच मर्यादा ०.०३०. एक लिटर श्वासामागे मिलिग्रॅम असं दाखवणारं मशीन असेल तर ती ०.१४ च्या आसपास येते. बरोबर ३० आलं तर गुन्हा नाही, त्याच्या वर गेलं की गुन्हा.

महेशच्या पोटात किती गेलं? साठ मिलिलिटरचा एक लार्ज पेग, व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे सुमारे वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषात त्याने रक्तातलं प्रमाण ढोबळमानाने ४२ मिलिग्रॅमपर्यंत जातं. म्हणजे एकाच लार्जमध्ये माणूस मर्यादा ओलांडू शकतो. "एकच घेतलाय" हे नाकाबंदीवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असेल, आणि ते खरं असलं तरी उपयोगाचं नाही. तीन लार्ज म्हणजे १२७ च्या घरात. शरीर अल्कोहोल जाळतं तसा रक्तातला हा आकडा ताशी साधारण १५ ने उतरतो. नऊपासून अकरा चाळीसपर्यंत चाळीसेक कमी झाले, उरले ८५ च्या आसपास. हा अंदाज आहे. पोटात जेवण किती, यकृत कसं, यावर तो वरखाली होतो, आणि बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूत आकडा जास्त येतो. महेशच्या मशीनवर ८२ आलं असं धरू.

याच हिशेबाने सकाळची गोष्टही समजते. रात्री दहा ते एक चार लार्ज घेऊन झोपलेला माणूस पहाटे सहाला पुण्याला निघाला, तर त्याच्या रक्तात तेव्हाही पन्नासच्या आसपास असू शकतात. आपण शुद्धीत आहोत, डोकं जरा जड आहे इतकंच, असं त्याला वाटतं. मशीनला झोप मोजता येत नाही. कडक चहा, लिंबूसरबत, अंघोळ यांनी ताशी पंधराचा वेग वाढत नाही.

नाकाबंदीवर: काय मागायचं, काय टाळायचं

फुंकर मागण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला किंवा मोटार वाहन विभागाच्या अधिकाऱ्याला आहे, आणि त्यासाठी संशयाला वाजवी कारण लागतं. तोंडाचा वास, बोलण्यातला अडखळा किंवा गाडीची नागमोडी चाल हे कारण पुरतं.

तुमच्या बाजूने तीन गोष्टी बघायच्या. नळी नवीन, पाकिटातून काढलेली आहे ना. फुंकण्याआधी मशीन शून्य दाखवतंय ना. आणि शेवटचा घोट कधी घेतला होता. दारू नुकतीच प्यायलेली असेल, किंवा अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल, किंवा द्राक्षासवासारखं औषध घेतलं असेल, तर तोंडात राहिलेल्या अल्कोहोलमुळे आकडा खोटा वर जातो. हा परिणाम साधारण पंधरा मिनिटांत ओसरतो. तेव्हा साध्या पाण्याने चूळ भरायला मागा, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकर घ्या म्हणा, आणि हे शांतपणे सांगा. अटक झाली तर पोलीस ठाण्यात पुन्हा श्वासचाचणी देण्याची संधी मिळावी, असं कायदाच सांगतो. दोन आकड्यांत मोठा फरक पडला तर पुढे कोर्टात तो कामाला येतो. आकडा ८२ चा ७९ झाला, तर तोंडातल्या अल्कोहोलची सबब संपली.

मशीनमधून छापील चिठ्ठी निघते. तिच्यावर तारीख, वेळ, मशीनचा क्रमांक आणि आकडा असतो. तिच्यावर सही घेतात. सही करण्याआधी वेळ आणि गाडीचा नंबर वाचा, आणि चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

आता टाळायच्या गोष्टी. फुंकायला नकार दिला की सुटका होते, हा समज फार पसरलेला आहे. नकार दिल्यावर पोलिसाला दारूचा संशय असेल तर तो वॉरंटशिवाय अटक करू शकतो आणि डॉक्टरांकडून रक्त घ्यायला लावू शकतो. शिवाय योग्य कारणाशिवाय दिलेला नकार कोर्टात सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी गोष्ट मानता येतो. दम्यामुळे जोरात फुंकता येत नाही, हे योग्य कारण होऊ शकतं, पण मग रक्तचाचणीला तयार आहे असं स्वतःहून सांगा. अर्धवट, हलकी फुंकर मारून मशीनला चकवण्याची युक्ती नकारातच धरली जाते.

हुज्जत तर अजिबात नको. कलम १८५ जामीनपात्र आहे. पण हवालदाराची कॉलर धरली, धक्का दिला, तर सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी बळ वापरल्याचा गुन्हा लागतो. तो भारतीय न्याय संहितेत कलम १३२ खाली येतो आणि अजामीनपात्र आहे. रात्री दोन तासांत घरी जाऊ शकणारा माणूस त्यामुळे कोठडीत राहतो. नगरसेवकाला फोन लावून मोबाइल पोलिसाच्या तोंडापुढे धरणंही त्याच वाटेने जातं.

सिव्हिल, दोन तास आणि रक्ताची बाटली

या गुन्ह्यात अटक केली तर अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. नाही झाली तर माणसाला कोठडीतून सोडावं लागतं. सोलापुरात असा माणूस साधारणपणे सिव्हिलला नेला जातो. पण दोन तास उलटले म्हणून केस संपत नाही, फक्त कोठडीतून सुटका होते. मशीनवरचा आकडा हा स्वतंत्र पुरावा आहे आणि कायद्याने तो ग्राह्य आहे.

डॉक्टर चालणं, बोलणं, बुबुळं, श्वासाचा वास नोंदवतात आणि गरजेप्रमाणे रक्त घेतात. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली तर स्पिरिटमधलं अल्कोहोल नमुन्यात मिसळण्याची शंका राहते. अशा नमुन्यासाठी अल्कोहोल नसलेलं द्रावण वापरायचं असतं. बाटलीत रक्त आंबू नये म्हणून फ्लोराइड असतं, आणि बाटली तुमच्यासमोर सील व्हायला हवी. बाई असेल आणि डॉक्टर पुरुष असेल तर नमुना दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यायचा. नमुना सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि तिथून येणाऱ्या अहवालाला सगळे सीए रिपोर्ट म्हणतात. तो यायला आठवडे, कधी महिने लागतात.

गुन्हा जामीनपात्र असल्याने जामीन हा हक्क आहे, त्यासाठी कुणाच्या हातापाया पडावं लागत नाही. जातमुचलका किंवा जामीनदार देऊन ठाण्यातूनच सुटता येतं. घरच्या कुणाला तरी आधार कार्ड घेऊन बोलवा.

बाइक तिथेच राहते. सोबत लायसन्स असलेला, न प्यायलेला माणूस असेल तर पोलीस कधी त्याच्या हाती देतात, नाहीतर ठाण्याच्या आवारात लावतात. मग आरसी, विमा, पीयूसी आणि मालकाचं ओळखपत्र घेऊन ठाण्यात जायचं, आणि पोलिसांनी कोर्टाची ऑर्डर मागितली तर सुपूर्तनाम्यावर गाडी सोडवण्याचा अर्ज करायचा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर अर्ज मालकाने करायचा. मालकाला एक जास्तीचा धोका आहे: समोरचा प्यायलाय हे माहीत असून किल्ली दिली, तर कलम १८८ खाली या गुन्ह्याला मदत केल्याबद्दल त्यालाही तीच शिक्षा होऊ शकते.

पहिली आघाडी: आरटीओ

त्या रात्री पोलीस लायसन्स काढून घेतात आणि तात्पुरती पोच देतात. ती पोच म्हणजे गाडी चालवायचा परवाना, असं समजून माणसं दुसऱ्याच दिवशी बाइक काढतात. २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलंय की लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचवर गाडी चालवता येत नाही. कार्ड घरी राहिलं म्हणून वाचलो, असंही नाही. लायसन्सची नोंद ऑनलाइन असते आणि जप्तीची नोंद तिथेच होते.

जप्त लायसन्स लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे एमएच १३ च्या आरटीओकडे जातं. तिथून कारणे दाखवा नोटीस येते आणि सुनावणीची तारीख मिळते. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्या किंवा पुढच्या गुन्ह्याला लायसन्स रद्दच, अशी तरतूद आहे. रद्द झालेल्या माणसाचं नाव सार्वजनिकही करता येतं. अधिकाऱ्याने तुमचं ऐकून घेणं आणि कारणं लेखी देणं बंधनकारक आहे, आणि कारण पटलं तर तो प्रकरण सोडूनही देऊ शकतो. पण "चूक झाली, पुन्हा नाही करणार" एवढ्यावर ते होत नाही. चिठ्ठीवरचा गाडी नंबर चुकीचा आहे, आकडा मर्यादेच्या आत आहे, गाडी मी चालवतच नव्हतो, असं काहीतरी कागदावर दाखवता आलं पाहिजे.

निलंबनानंतर मान्यताप्राप्त संस्थेत रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण करावं लागतं. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. नोटिशीला उत्तरच दिलं नाही तर एकतर्फी आदेश होतो, आणि आपल्याकडे बहुतेकांचं नेमकं हेच होतं.

दुसरी आघाडी: कोर्ट

पोलीस कागद तयार करून केस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. पहिल्या गुन्ह्यात कमाल शिक्षा सहा महिन्यांची असल्याने कोर्टाने त्याची दखल घटनेपासून वर्षाच्या आत घ्यायला हवी. म्हणजे चार महिने काहीच आलं नाही म्हणून प्रकरण जिरलं असं समजू नका.

समन्स लायसन्सवरच्या किंवा आधारवरच्या पत्त्यावर जातं. आपल्या सोलापूरची निम्मी तरुण मंडळी पुण्यात कामाला. लायसन्सवर पत्ता जुळे सोलापूरचा, तिथे आई-वडील. ते समन्स घ्यायला घाबरतात किंवा कपाटात ठेवून देतात. तारखेला कुणी हजर राहिलं नाही की आधी जामीनपात्र वॉरंट निघतं, पुढे अजामीनपात्र. दहा हजारांच्या केसमध्ये माणसाला पकडून आणण्याची वेळ येते ती यामुळे. तारखेला येणं शक्यच नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्या.

कोर्टात पहिला खरा निर्णय असतो: गुन्हा कबूल की नाकबूल? त्याआधी पोलिसांच्या कागदांच्या नकला मागून घ्या आणि मशीनची चिठ्ठी, मशीन तपासून प्रमाणित केल्याचं प्रमाणपत्र, डॉक्टरांचा दाखला आणि सीए रिपोर्ट असे चार कागद शोधा. चिठ्ठीवरची वेळ आणि डॉक्टरांच्या दाखल्यावरची वेळ जुळते का? मशीनचा क्रमांक प्रमाणपत्रावरचाच आहे का? प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेला शिल्लक होती का? चाचणी न घेता नुसता वास येत होता आणि पाय लटपटत होते एवढंच लिहिलं असेल, तर केस कच्ची आहे. तोंडाचा वास, चालण्यातला डळमळीतपणा आणि बोलण्यातली असंबद्धता एवढ्यावर माणूस दारूच्या अमलाखाली होता हे सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच म्हटलेलं आहे. आजच्या कलमात तर आकडाच लागतो.

महेशसारख्याच्या बाबतीत मात्र दोन फुंकरींची चिठ्ठी आहे, आकडा मर्यादेच्या अडीचपट आहे, कागद जुळतात. अशी केस लढवायची म्हणजे वर्ष-दोन वर्षं तारखा, आणि शेवटी निकाल बहुधा तोच. कबुलीचा तोटाही नीट समजून घ्या. कबुली म्हणजे दोषसिद्धी. नोकरीच्या अर्जात किंवा पोलीस पडताळणीच्या फॉर्ममध्ये "शिक्षा झाली आहे का" या रकान्यात ती लिहावी लागते. आणि कबुलीनंतर अपील फक्त शिक्षेचं प्रमाण किंवा तिचा कायदेशीरपणा एवढ्यापुरतंच उरतं. सरकारी भरतीच्या तयारीतला मुलगा असेल, तर कागद कच्चे असताना घाईने कबुली देऊ नये, हे माझं मत.

शिक्षा अशी: पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या किंवा पुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. पूर्वी "तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर" अशी अट होती, ती २०१९ मध्ये गेली. दंडाची रक्कम ठरलेली आहे, "पर्यंत" हा शब्द नाही, त्यामुळे गरिबी सांगून दोन हजारांवर आणता येत नाही. पहिल्या वेळी साधारण दंडावर भागतं, कधी सोबत कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा असते. आकडा फार मोठा असेल किंवा मागे मुलं बसलेली असतील तर खरी कैदही होऊ शकते.

आता सगळ्यात कमी माहीत असलेली तरतूद. कलम २० प्रमाणे कलम १८५ खाली दोषी ठरवल्यावर कोर्टाने लायसन्स बाळगायला किमान सहा महिन्यांसाठी अपात्र ठरवायचं आहे. हे आरटीओच्या तीन महिन्यांहून वेगळं. म्हणून निकालाच्या दिवशी दंड भरून बाहेर पडू नका. निकालाची नक्कल मागा आणि अपात्रतेचा कालावधी लिहिलाय का, कोणत्या तारखेपासून लिहिलाय, हे बघा. आधीच भोगलेले निलंबनाचे महिने कालावधी ठरवताना विचारात घ्यावेत अशी विनंती करायची असेल, तर ती शिक्षेवरच्या युक्तिवादातच वकिलाला करायला सांगा. नंतर ऐकणारं कुणी नसतं.

महेशचं वर्ष

नोव्हेंबरात लायसन्स जप्त. डिसेंबरात आरटीओत सुनावणी आणि तीन महिन्यांचं निलंबन, म्हणजे मार्चपर्यंत. फेब्रुवारीत कोर्टात कबुली, दहा हजार दंड आणि निकालापासून सहा महिने अपात्रता, म्हणजे ऑगस्टपर्यंत. मार्चमध्ये रिफ्रेशर ट्रेनिंग पूर्ण करून तो आरटीओत लायसन्स मागायला गेला, तरी कोर्टाचा आदेश चालूच आहे. नोव्हेंबर ते ऑगस्ट असे नऊ महिने बाइक दारात उभी. रिक्षावाला किंवा टेम्पोवाला असता तर नऊ महिन्यांची रोजी गेली असती.

या नऊ महिन्यांत कोपऱ्यावरून दूध आणायला म्हणून बाइक काढली आणि पकडला गेला, तर तो नवा गुन्हा, कलम १८२ खाली: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. आणि त्याच काळात अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला चांगलं कारण मिळतं. दारूच्या अमलात चालवत असल्याचा बचाव तर कायद्यानेच विमा कंपनीला दिलेला आहे. स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही, आणि समोरच्याला दिलेली भरपाई कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते.

मुदत संपली की लायसन्स आपोआप जिवंत झालं असं धरू नका. निकालाची नक्कल, दंडाची पावती आणि रिफ्रेशरचं प्रमाणपत्र घेऊन आरटीओत अर्ज द्या, सारथी या सरकारी पोर्टलवर लायसन्सची स्थिती पुन्हा चालू दाखवतेय का ते बघा, त्या पानाची प्रिंट काढून गाडीच्या कागदांत ठेवा, आणि मगच किक मारा.